यवतमाळ हा पासवर्ड नाही

सर्जनशील लेखनाच्या एम.ए.साठी अर्ज करताना जे स्टेटमेंट लिहावं लागतं, ते आपल्याकडची चांगली लिहिणारी मुलंच सगळ्यात वाईट लिहितात. कथा उत्तम असते. तिच्यात एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटत नाही. आणि त्याच माणसाचं स्टेटमेंट उघडलं की पहिल्याच ओळीत आजी भेटते, दुसऱ्या ओळीत आजीच्या गोष्टी, तिसऱ्या ओळीत तालुक्याच्या वाचनालयातला तो धुळीचा वास. पुढे आठशे शब्द लेखक स्वतःवर प्रेम करत बसतो. कथेत ज्याने पात्राला एकदाही रडू दिलं नाही, तोच इथे स्वतःसाठी रुमाल काढतो.

हा दोष मुलांचा कमी आणि त्यांना मिळणाऱ्या सल्ल्याचा जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि तो सल्ला आमच्यासारख्यांच्या बाबतीत नुसता चुकीचा नाही, तर घाण आहे. तेच नीट मांडतो.

मी बाभुळगावचा. यवतमाळहून धामणगावकडे जाताना लागतं ते तालुक्याचं गाव. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, रात्री कथा लिहितो. यंदा अर्ज करायचा ठरवल्यावर एका सल्लागाराला मसुदा दाखवला. त्याने तो दोन मिनिटांत वाचला आणि म्हणाला, "तुम्ही यवतमाळचे आहात आणि आत्महत्यांचा एक शब्द नाही? अहो, तीच तर तुमची स्टोरी आहे. ती वर घ्या." माझ्या घरात अशी घटना घडलेली नाही, असं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "गावात तर झाली असेल ना?"

झाली आहे. गावात झाली आहे, शेजारच्या गावात झाली आहे, माझ्या वर्गातल्या मुलाच्या घरी झाली आहे. पण ती त्याची आहे. माझ्या प्रवेशअर्जाची नाही.

हा कागद असतो कशासाठी

आधी हे बघू, की हा कागद मागतात का. लेखनाचं असं शिक्षण काही नवं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ची, इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचा एम.ए. १९७०चा. आपल्याकडे दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात असा एम.ए. आहे. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, पण सांगाडा बहुतेक सारखाच असतो. एक लेखननमुना, म्हणजे काही हजार शब्दांची कथा किंवा कादंबरीचा भाग, नाहीतर काही कविता. आणि सोबत पाचशे-हजार शब्दांचं निवेदन: तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे, तुम्हाला काय लिहायचं आहे, आणि त्यासाठी हाच अभ्यासक्रम का.

यातलं वजन नमुन्याचं असतं. नमुना कच्चा असेल तर जगातलं कुठलंही स्टेटमेंट त्याला वाचवू शकत नाही. मग स्टेटमेंट कशाला? कारण नमुना एक गोष्ट सांगू शकत नाही. या माणसाने काय केलं हे त्यात दिसतं, पण तसंच का केलं, दुसरं काय करता आलं असतं, ते का सोडलं आणि अजून काय जमत नाही, हे दिसत नाही. दहा-पंधरा लोकांच्या वर्गात दर आठवड्याला एकमेकांचं लिखाण फाडायचं असतं. तिथे शिक्षकाला असा माणूस हवा असतो, जो आपल्या लिखाणाबद्दल बोलू शकतो आणि त्याबद्दलचं ऐकूनही घेऊ शकतो.

माझ्या कामात याला डिझाइन डॉक म्हणतात. कोड वेगळा असतो, आणि सोबत दोन-तीन पानांचा एक कागद असतो: प्रश्न हा होता, पर्याय हे होते, यातला हा निवडला, कारण असं, आणि याच्या मर्यादा अशा. त्या कागदात कुणी "मला लहानपणापासून डेटाबेसची ओढ होती" असं लिहीत नाही. लिहिलं तर रिव्ह्यू करणारा हसेल. लेखनाच्या स्टेटमेंटमध्ये मात्र हेच वाक्य आपण डोळे पाणावून लिहितो.

स्वतःत रमणं म्हणजे 'मी' हा शब्द वापरणं नव्हे. स्टेटमेंटमध्ये 'मी' येणारच. जे वाक्य नमुन्यातल्या कुठल्याही ओळीपर्यंत पोचत नाही, ते स्वतःत रमलेलं वाक्य. "शब्द हा माझा श्वास आहे" हे वाक्य तपासायचं कुठे? नमुन्यात त्याचा पुरावा कुठल्या पानावर? कुठेच नाही. ते फक्त लेखकाला बरं वाटावं म्हणून आलेलं असतं.

एक नमुना घेऊन बघू

हवेत बोलण्यापेक्षा मी माझ्याच अर्जातली कथा घेतो. कथा एका जिनिंगच्या आवारात घडते. हंगाम कापसाचा, हमीभावाची खरेदी सुरू, बाहेर गाड्यांची रांग. कथेतला माणूस ग्रेडर आहे. तो ढिगात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो आणि एक आकडा बोलतो.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: सीसीआयच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव मिळतो. त्याच्या वर जितका ओलावा, तितकी भावात कपात. १२ टक्क्यांच्या वर गेला तर कापूस घेत नाहीत, गाडी परत. म्हणजे रात्रभर रांगेत काढलेल्या माणसाचं काय होणार, हे त्या आकड्यावर ठरतं.

आता यात इंजिनिअरला दिसणारी एक गोष्ट आहे. हातातलं असं यंत्र बहुधा विजेचा रोध मोजतं. कापूस कोरडा असला तर वीज सहज जात नाही, ओला असला तर जाते, आणि त्यावरून यंत्र टक्केवारी दाखवतं. पण रोध फक्त पाण्यावर ठरत नाही. कापूस किती दाबला आहे त्यावरही ठरतो. तोच कापूस, तोच ढीग, आणि यंत्र जरा जोरात दाबलं तर आकडा चढू शकतो. ढिगात वर खुपसलं की तळाशी, सकाळच्या दवात की दुपारच्या उन्हात, यानेही फरक पडतो. आणि दुसरी बाजूही खरी आहे: वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारेही असतात, आणि ग्रेडरला ते ठाऊक असतं.

माझी कथा ग्रेडरच्या मनगटात आहे. त्याला लाच मिळत नाही, तो कुणाचा वैरी नाही. पण मनगटावर किती जोर द्यायचा, हे दिवसभरात शंभर वेळा त्यालाच ठरवावं लागतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं त्यालाच कळेनासं होतं की आपण मोजतो आहोत की ठरवतो आहोत.

सल्लागाराच्या सांगण्याप्रमाणे या कथेसोबत कसं स्टेटमेंट गेलं असतं? साधारण असं:

"मी भारतातल्या शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या यवतमाळ जिल्ह्यातून आलो आहे. पांढऱ्या सोन्याच्या या काळ्या भूमीने मला वेदना दिल्या आणि त्या वेदनेतून माझी लेखणी जन्मली. घरच्यांच्या आग्रहाखातर मला इंजिनिअर व्हावं लागलं, पण माझ्यातला लेखक मेला नाही. मार्केझ, काफ्का, कामू आणि नेमाडे यांनी मला घडवलं. मूकांचा आवाज व्हावं, ही माझी आकांक्षा आहे."

पाच वाक्यं. एकेक घेऊन कथेशी लावून बघा. पहिलं वाक्य: कथेत आत्महत्या नाही. वाचणारा ती शोधत बसेल, आणि न सापडल्यावर त्याला वाटेल की शेवटी गाडी परत गेलेला तो म्हातारा आता मरणार. म्हणजे स्टेटमेंटने कथेचा शेवटच बदलला. दुसरं वाक्य कुठल्याही जिल्ह्याला चालेल, पिकाचं नाव बदला की झालं. तिसरं वाक्य तर नुसतं चुकीच्या दिशेचं आहे: त्या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं ज्ञान, म्हणजे दाबल्यावर आकडा चढतो हे, इंजिनिअरिंगमधून आलेलं आहे. ज्याने कथा दिली त्याचाच गळा धरायचा, कारण "व्हावं लागलं" म्हटलं की सहानुभूती मिळते. चौथ्यात चार मोठी नावं आहेत आणि चौघांनी नक्की काय दिलं याचा पत्ता नाही. आणि पाचवं वाक्य उघडच उद्धट आहे. ज्यांना मूक म्हणता आहात, ते आमच्याकडे काट्यावर केवढ्या आवाजात भांडतात, ते एकदा येऊन ऐका.

प्रभाव म्हणजे नावांची माळ नव्हे

प्रभावांचा परिच्छेद हा या कागदातला सगळ्यात वाया जाणारा भाग. त्याचं कारण आपण त्याला ओळखपत्र समजतो. बघा, मी काय काय वाचलंय. त्यात आपल्या भागातले लेखक मागे ढकलले जातात, कारण समोरचा इंग्रजी वाचणारा त्यांना ओळखणार नाही अशी भीती असते. मग वऱ्हाडात वाढलेला मुलगा प्रागच्या लेखकाचं नाव आधी घेतो.

वाचणाऱ्याला नावाशी घेणं नसतं. त्याला बघायचं असतं, की तुम्ही एखाद्या पुस्तकातून एखादी युक्ती उचलताना तिचं काय केलंत. म्हणून एकच पुस्तक घ्यावं आणि त्यातला एकच निर्णय सांगावा.

माझ्यापुरतं ते पुस्तक उद्धव शेळके यांची 'धग'. १९६० साली आलेली. अमरावतीकडच्या खेड्यातली कौतिक, तिचा शिंपीकाम करणारा नवरा महादेव, त्याला होणारा महारोग, मोडत जाणारा संसार. त्या कादंबरीत दुःख काही कमी नाही. पण लेखक मधे येऊन, बघा किती हे दुःख, असं म्हणत नाही. आणि माणसं वऱ्हाडीत बोलतात, तेही गंमत म्हणून नव्हे. आपल्याकडे सिनेमात आणि टीव्हीवर वऱ्हाडी बोललं की लोक आधीच हसायला लागतात. 'धग'मध्ये त्याच बोलीत माणसं संसाराचे कठीण निर्णय घेतात. बोली म्हणजे विनोद, हे समीकरण तिथे साठ वर्षांपूर्वीच मोडून ठेवलेलं आहे.

आता याचा माझ्या नमुन्याशी संबंध. मूळ कथेत ग्रेडर प्रमाण मराठी बोलतो आणि गाडीवाला वऱ्हाडी. "ओला नाही बाप्पा, तीन दिवस ऊन दाखोलं त्याले," असं म्हातारा म्हणतो आणि ग्रेडर म्हणतो, "साडेबारा." दोन भाषांमधल्या या अंतरातच कथा आहे. पण अर्ज इंग्रजीत, नमुना माझ्याच इंग्रजी अनुवादात. तिथे हे अंतर पुसलं जातं. मग काय करायचं?

तीन वाटा होत्या. पहिली, म्हाताऱ्याला मोडकं इंग्रजी द्यायचं. हे सर्रास केलं जातं आणि ते खोटं आहे, कारण म्हाताऱ्याची वऱ्हाडी मोडकी नाही. ती पूर्ण, नियमबद्ध, चपखल भाषा आहे. मोडकं इंग्रजी दिलं की तो अडाणी दिसतो, आणि 'धग'ने जे मोडलं तेच मी पुन्हा जोडतो. दुसरी वाट, दोघांनाही सारखंच सरळ इंग्रजी द्यायचं. मग म्हातारा अडाणी दिसत नाही, पण अंतर गेलं. तिसरी वाट मी घेतली: म्हाताऱ्याची वाक्यं पूर्ण आणि लांब ठेवली, त्याला कारणं देऊ दिली, आणि ग्रेडरला जवळजवळ फक्त आकडे दिले. म्हातारा त्याला साहेब म्हणतो, आणि हा शब्द मी अनुवादातही तसाच ठेवला. ग्रेडर त्याला काहीच म्हणत नाही. जे अंतर मराठीत बोलीचं होतं, ते इंग्रजीत कोण किती बोलतो याचं झालं. यात नुकसान आहेच. 'बाप्पा' या शब्दात विनवणी, आर्जव आणि थोडी बरोबरीची सलगी असं सगळं एकदम असतं. ते इंग्रजीत आणता आलं नाही.

हे एवढं स्टेटमेंटमध्ये लिहिलं की प्रभावांचा परिच्छेद संपला. शेळके कोण, हे वाचणाऱ्याला माहीत नसलं तरी काही अडत नाही. तो नमुना उघडून लगेच बघू शकतो, की म्हातारा खरंच लांब बोलतो का आणि साहेब खरंच आकड्यांवर थांबतो का. आणि एक जास्तीचा फायदा: ज्याला आपल्या पुस्तकातली उणीव सांगता येते, त्याला वर्गात घेणं सुरक्षित आहे, हे शिक्षकाला कळतं.

दुःख कुणाचं

आता त्या घाण सल्ल्याकडे येतो. त्याच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. परदेशी विद्यापीठांना वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुलं हवी असतात. शिष्यवृत्त्या त्यावर मिळतात. ज्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही, त्याने आपल्या जिल्ह्याची दुष्कीर्ती वापरली तर बिघडलं काय? शहरी पोरगा आईबापांचं ग्रंथालय वापरतो, आपण आपलं दारिद्र्य वापरू.

स्वतःचं वापरा, माझी हरकत नाही. ज्याच्या घरात घडलं त्याने लिहावं, आणि कसं लिहावं हे त्याला शिकवणारा मी कोण? प्रश्न उसन्या दुःखाचा आहे.

यवतमाळच्या मुलाला याचं उदाहरण लांब शोधावं लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला झालं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागे घेतलं. त्यावरून गदारोळ झाला. शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती, आणि शेतकरी विधवांच्या जगण्यावरच्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करत होत्या. त्या दिवशी त्यांना पुढे करणाऱ्यांचे हेतू काय होते यावर वाद घालता येईल, आणि घातला गेलाही. पण एक गोष्ट वादाच्या पलीकडची आहे. त्या मंचावरचं दुःख ज्यांचं होतं, त्याच बोलत होत्या. कुणी त्यांचा आवाज झालं नव्हतं. आणि त्या नुसत्या दुःख म्हणून तिथे नव्हत्या, तर नाटक करणारी बाई म्हणूनही होत्या.

यानंतर मी, पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपसमोर बसून, त्याच जिल्ह्याचा पत्ता दाखवून म्हणायचं की मूकांचा आवाज मी होणार? कळंब आमच्या शेजारचाच तालुका. तिथल्या लोकांना तोंड आहे.

याचा एक व्यावहारिक तोटाही आहे, तो सल्लागार सांगत नाहीत. जे सांगून आत जाल, ते पुढचं एक-दोन वर्षं तुमच्या कपाळावर राहतं. तुम्ही ऑफिसमधल्या लिफ्टवर कथा लिहिली तरी वर्गात कुणीतरी विचारेल, की यात शेतकरी कुठे आहे? तुम्हीच त्यांना तसं वाचायला शिकवलेलं असतं. ओलाव्याच्या यंत्रावरची कथा, जी खरं तर मोजमाप आणि अधिकार यांच्याबद्दल आहे, ती कायमची 'आत्महत्याग्रस्त भागातली कथा' होते. जिल्ह्याचं नाव एकदा पासवर्ड म्हणून वापरलं की त्या नावाने दुसरं काहीच उघडत नाही.

मग गाव लिहायचंच नाही का? लिहायचं, पण माहिती म्हणून. "कथा यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस खरेदीच्या आवारात घडते, मी तिथून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत वाढलो आणि ही प्रक्रिया जवळून पाहिली आहे." एवढं पुरे. यातून वाचणाऱ्याला कळतं की तपशिलावर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्यापुढची हळहळ त्याची त्याला वाटली तर वाटू द्या.

आकांक्षा किती लांबीची

शेवटचा भाग आकांक्षांचा. इथे लोक दोन टोकं गाठतात. एक तर "मराठी साहित्य जागतिक पातळीवर न्यायचं आहे", नाहीतर तीन कादंबऱ्यांची रूपरेषा, पात्रांच्या वंशावळीसकट. पहिल्याला मोजमाप नाही. दुसऱ्याला शिकायची गरजच नाही, कारण त्याचं सगळं ठरलेलं आहे.

काझुओ इशिगुरोचं उदाहरण इथे उपयोगी आहे. १९७९ साली, चोवीस वर्षांचा असताना, तो ईस्ट अँग्लियाच्या त्याच एम.ए.ला गेला. नोबेलच्या भाषणात त्याने स्वतः सांगितलं आहे की तिथल्या पहिल्या काही आठवड्यांतच तो अचानक नागासाकीबद्दल, म्हणजे लहानपणी सोडलेल्या आपल्या जन्मगावाबद्दल लिहायला लागला. त्याआधीचं लिखाण वेगळंच होतं. त्यातून १९८२ साली त्याची पहिली कादंबरी आली. म्हणजे जे पुस्तक त्याला तिथे सापडलं, ते तो आधीपासून ठरवून आला नव्हता. स्टेटमेंटमध्ये तुम्ही जे पुस्तक लिहीन म्हणता, ते बहुधा तुम्ही लिहिणारच नाही. आणि ते वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं.

म्हणून आकांक्षा पुस्तकाच्या रूपात नको, अडचणीच्या रूपात लिहावी. जी अडचण नमुन्यात दिसते आणि एकट्याने सुटत नाही, ती. माझी अशी आहे: एका माणसाच्या मनगटात राहून मी अडीच-तीन हजार शब्द टिकतो. त्यापुढे गेलो की मला दुसरा माणूस आणावा लागतो, आणि दुसरा आला की निवेदन कुणाच्या बाजूला उभं आहे हेच सुटतं. ग्रेडर, गाडीवाला, जिनिंगचा मालक आणि रांगेत चहा विकणारी बाई, अशा चार जणांची मिळून एक लांब गोष्ट मला हवी आहे, आणि ती कशी उभी राहते हे मला अजून माहीत नाही. यासाठी मला वर्ग हवा आहे, आणि माझं लिखाण न कंटाळता वाचणारे दहा लोक.

यात नम्रतेचं नाटक नाही. अडचण नेमकी सांगता येणं, हीच या कागदातली खरी बढाई. ज्याला आपली भिंत कुठे आहे ते सेंटिमीटरमध्ये ठाऊक आहे, तो त्या भिंतीपर्यंत पोचलेला असतो.

हे सगळं मिळून सात-आठशे शब्दांत बसतं. माझ्या कागदात कथेचा प्रश्न आणि जागा मिळून एक परिच्छेद, 'धग' आणि बोलीचा निर्णय दोन परिच्छेद, चार माणसांची अडचण एक परिच्छेद, आणि हाच अभ्यासक्रम का, तिथल्या कुठल्या वर्गाचा या अडचणीला उपयोग, हे शेवटचा एक. आजी नाही. वाचनालयाचा वास नाही. दोन्ही माझ्या आयुष्यात आहेत आणि दोन्ही मला प्रिय आहेत, म्हणूनच ते इथे विकायला काढलेले नाहीत.

तुमचं स्टेटमेंट तपासायचं असेल तर एक साधी रीत आहे. तुम्हाला न ओळखणाऱ्या, पण वाचणाऱ्या माणसाला नमुना आणि स्टेटमेंट दोन्ही द्या. त्याच्या हातात पेन द्या. स्टेटमेंटच्या प्रत्येक वाक्यापुढे त्याने नमुन्यातल्या पानाचा आकडा लिहायचा, जिथे ते वाक्य खरं ठरतं किंवा खोटं. ज्या वाक्यापुढे आकडा येणार नाही, ते काढा. गाव-शिक्षणाची एक-दोन माहितीची वाक्यं आणि अभ्यासक्रमाबद्दलची वाक्यं यातून सुटतील, ती ठेवा. मग दुसरी फेरी: उरलेल्यातलं कुठलं वाक्य तुमच्या मित्राच्या अर्जातही खपेल? तेही काढा. निम्मा कागद रिकामा होईल, घाबरू नका. त्या जागी नमुना लिहिताना तुम्ही घेतलेला एखादा निर्णय येतो का, ते बघा. येत नसेल, तर अडचण स्टेटमेंटची नाही. कथेत निर्णयच घेतलेले नाहीत, आणि मग पुन्हा कथेकडे जावं लागेल.

सल्लागाराला मी हे सगळं समजावलं नाही. त्याचा धंदा आहे, आणि त्याच्या पद्धतीने आत गेलेली मुलं तो दाखवू शकेल. जातही असतील. पण हा कागद म्हणजे लेखक म्हणून तुम्ही अनोळखी माणसासमोर केलेलं पहिलं विधान असतं, आणि त्यात वर्गमित्राच्या बापाचं मरण खर्ची घालून जागा मिळवली, तर पुढे लिहिलेल्या प्रत्येक ओळीला त्याचा हिशोब लागतो. मला ती उधारी नको. माझ्याकडे एक यंत्र आहे, एक मनगट आहे, आणि साडेबारा हा आकडा आहे. जागा मिळायची तर त्यावर मिळू दे.